एका पीएनआरवरचे दोन मामा

आमच्या मामेबहिणीच्या मुलीच्या लग्नात दोन्ही मामा एकत्र उभे राहिले, याचं श्रेय गेली वीसेक वर्षं मला मिळत आलं आहे. तिच्या घरी गेलो की पहिलं ताट माझं. ते खाताना घास अडकतो. आता वय झालं, घास तसाही अडकतो, म्हणून जे खरं ते सांगून टाकतो.

मी तेव्हा डिचोलीला खाणीच्या ऑफिसात कारकून होतो. मुंबईला जाणारा कोणीही तिकीट घेऊन माझ्या टेबलाशी यायचा. पत्रिका बघणाऱ्या भटजीला जो मान असतो तो मला होता. मी चष्मा चढवून तिकीट उजेडात धरायचो आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायचो, "डब्ल्यूएल बारा. अजून प्रवासाला निघालेला नाहीस. उंबऱ्याबाहेर उभा आहेस." आरएसी असेल तर, "आत घेतलंय, पण अर्ध्या पाटावर बसवलंय." सीएनएफ, म्हणजे पक्की जागा, दिसली की मी थेट चहा मागवायला लावायचो. पीएनआरचे दहा आकडे मी फोनवरून चौकशीला सांगायचो, तेव्हा आख्खं ऑफिस माझ्या टेबलाभोवती जमायचं.

माझे दोन मामेभाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. थोरला डिचोलीला मूळ घरात, धाकटा मांद्र्याला. चवथीला सगळ्यांनी मूळ घरच्या गणपतीला यायचं ही रीत. धाकट्याने एका वर्षी मांद्र्यात आपला वेगळा गणपती आणला आणि थोरल्याने त्याचं नाव टाकलं. त्यांची बहीण मुंबईला. तिच्या मुलीचं लग्न ठरलं तसा तिने मला फोन केला.

"दोघेही मामा मुलीच्या मागे उभे राहिले पाहिजेत. एकटा कोणी आला तर त्याला पंगतीत बसवीन, बोहल्यापाशी नाही. मामाशिवाय लग्न लागलं म्हणून लोक हसले तरी चालतील." आणि ती रडायला लागली. "तू काहीतरी कर रे बाबा."

मी काय करणार? मला येत होतं ते केलं. थिवीच्या स्टेशनवर जाऊन रिझर्वेशनच्या एकाच फॉर्मवर दोघांची नावं लिहिली. पहिला थोरला, खाली धाकटा. दिवसाच्या गाडीत आरएसी होतं. खिडकीतला माणूस म्हणाला, "आदल्या दिवशीच्या गाडीत कन्फर्म मिळेल, देऊ?"

"नको, आरएसीच द्या."

त्याने मान वर करून मला नीट बघून घेतलं. नोकरीत असा माणूस त्याला पहिल्यांदाच भेटला असावा. पण मला ठाऊक होतं की एका पीएनआरवर दोघांना आरएसी असलं की बहुधा खिडकीलगतचा एकच खालचा बाक दोघांच्या वाट्याला येतो. समोरासमोर, गुडघ्याला गुडघा. मुंबईपर्यंत तोंड फिरवायचं म्हटलं तरी फिरवून कुठे फिरवणार?

त्या काळी खिडकीवरच्या तिकिटावर नाव नसायचं, नुसतं एम आणि वय. थोरल्याने तिकीट वाचलं.

"हा एम चोपन्न कोण?"

"असेल कोणीतरी. कंप्युटर जोड्या लावतो."

"बाईमाणूस नाही ना?"

"एम म्हणजे पुरुष."

"मग ठीक. पण दारू पिणारा नसावा."

धाकट्याला मी एवढंच सांगितलं की तुझं तिकीट मी काढलंय, थेट थिवीला ये.

गाडीच्या दिवशी दोघे फलाटावर आले आणि एकमेकांना बघून दोन टोकांना जाऊन उभे राहिले. थोरल्याच्या हातात पत्र्याची ट्रंक, धाकट्याच्या हातात कापडी पिशवी; तिच्यात मांद्र्याच्या पोदेराच्या भट्टीतले ताजे उंडे पाव आणि डब्यात भाजी. चार्ट झाला होता. मी खिडकीवर जाऊन पीएनआर सांगितला.

"पहिला सीएनएफ," तो म्हणाला. "एस-तीन, अठ्ठावीस, खालचा बर्थ. दुसरा आरएसीच, एस-पाच, तेवीस."

इतकी वर्षं मी लोकांसाठी सीएनएफची वाट बघितली, आणि नको होतं तेव्हाच ते आलं. थोरल्याची कंबर धरलेली. त्याला पाय लांब करायला आख्खा बाक मिळाला होता, तोही दोन डबे पलीकडे. म्हणजे डिचोली आणि मांद्रे गाडीतही वेगळेच राहणार होते.

मी बाहेर आलो, चष्मा चढवला आणि मधोमध उभा राहून दोघांना ऐकू जाईल असं ओरडलो, "दोघेही आरएसी! एस-पाच, तेवीस! तिकीट एकच आहे, थोरल्याकडे. ज्याला सोबत नको त्याने घरी जावं!"

"दोघे म्हणजे?" थोरला गरजला. "हा तो एम चोपन्न?"

"मी याच्याबरोबर बसणार नाही," धाकटा टोकावरून.

"तुला बसायला बोलावलंय कोणी! मी भाचीच्या लग्नाला चाललोय."

"मीपण काय मासळी विकायला चाललो नाही."

चार वर्षांत ते प्रथमच एकमेकांशी बोलले, हे मी मनात नोंदवलं. गाडी आली. मी दोघांना एस-पाचमध्ये ढकललं, समोरासमोर बसवलं आणि गाडी सुटेपर्यंत देव आठवत राहिलो. त्या बाकाचा दुसरा खरा धनी पुढे कुठेतरी चढणार आणि टीसी माझं बिंग फोडणार, हे मला दिसत होतं.

दोन दिवसांनी मी लग्नाला पोचलो तर दोघे मुलीच्या मागे खांद्याला खांदा लावून उभे. धाकटा भेटेल त्याला सांगत होता, "बिचाऱ्याला दुसरीकडे जागाच नव्हती, काय करणार? बसला माझ्यापाशी. चिपळूण येईस्तोवर बोलायला लागला." बहिणीने मला शालनारळ दिला. मी तो घेतला. हीच माझी चोरी.

अक्षता पडल्यावर थोरला माझ्या शेजारी आला आणि समोर बघतच हळू म्हणाला, "एस-तीन, अठ्ठावीस, खालचा."

तोंडातला पेढा माझ्या नाकात गेला.

"कणकवलीला एक माणूस चढला, म्हणाला ही जागा माझी. टीसी आला, म्हणाला काका, तुमचा आख्खा बर्थ तिकडे रिकामा आहे, इथे अर्ध्यावर का बसलात? तुझं नाव घेऊन मनातल्या मनात काय काय बोललो ते या मांडवात सांगत नाही."

"मग गेला नाहीस?"

"उठलोच होतो. पण हा धाकटा गेला होता हात धुवायला. जाताना एक शब्द बोलला नाही, नुसती ती उंड्यांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवून गेला. पिशवी टाकून कसा जाऊ? टीसीला म्हटलं, त्या माणसाला पाठवा माझ्या बर्थवर. तो माणूस तीनदा पाया पडला." मग बजावलं, "याला सांगू नकोस. मी त्याच्यावर उपकार केले असं म्हणेल आणि परत फुगेल."

त्या वर्षी चवथीला धाकटा डिचोलीला आला. मांद्र्याचा गणपतीही राहिला. दोन्हीकडे सगळे जायला लागले. थोरला जाऊन आता बरीच वर्षं झाली. धाकटा अजून सांगतो, बिचाऱ्याला जागा नव्हती.

जागा होती, बाबा. खालची, आख्खी, पाय लांब करण्याजोगी. तो तुझी पिशवी सांभाळत बसला होता.