दिवाळीनंतरचं सत्र

गिरगावातल्या एका सकाळच्या कॉलेजचं पत्र आलं तेव्हा मी परळच्या एका गिरणीत लेबर ऑफिसर होतो. कायद्याची परीक्षा पास झालेला, चाळीतला पहिलाच. बी.कॉम.च्या मुलांना कामगार कायदा शिकवायला आठवड्यातून तीन सकाळी याल का, असं प्राचार्यांनी विचारलं होतं. मी त्यांचा जुना विद्यार्थी. जूनपासून तास, साडेसातला.

आणि साडेसातलाच तर माझी खरी परीक्षा असायची. पहिली पाळी सातला लागे. त्याआधीपासून गेटवर बदली कामगार उभे. कोण गावाला गेलाय, कोण आजारी, कोणाचा खाडा, ते खात्याखात्यातून कळायचं आणि तितक्या बदल्यांना आत घ्यायचं. पूर्वी हे जॉबरच्या, म्हणजे खात्यातल्या मुकादमाच्या, हातात होतं. जॉबरचे हात ओले केले की आत. तो धंदा बंद व्हावा म्हणून मॅनेजरनी मला गेटवर उभं केलेलं. त्यात संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. आज हरताळ, उद्या मोर्चा, परवा सगळे हजर आणि बदल्यांना कामच नाही. उरलेल्यांना रोज सांगायचं, "उद्या बघू." आठ-साडेआठ वाजता मी खुर्चीत बसायचो तो अंगातलं सगळं बळ कोणीतरी काढून घेतल्यासारखा.

तरी मी मॅनेजरना विचारलं. शिकवायची मला मनापासून हौस होती, खोटं कशाला बोलू? मॅनेजर म्हणाले, "बाहेरचं काम करायला कंपनीची हरकत नाही. पण पाळी लागताना तुम्ही गेटवर हवेत. तुमच्या हाताखाली असिस्टंट घेणार आहोत, दिवाळीपर्यंत येईल. मग सकाळ तुमची."

म्हणून मी प्राचार्यांना कळवलं. आपण आठवण ठेवलीत, आभारी आहे. सध्याच्या नोकरीतल्या जबाबदारीमुळे जूनपासून येणं शक्य नाही. चालत असेल तर दिवाळीनंतरच्या सत्रात आनंदाने येईन, त्याला आमच्या मॅनेजरांची परवानगीही आहे. मधल्या काळात मुलांचं नुकसान होणार असेल तर माझी वाट पाहू नये. चार ओळींचं पत्र, पण लिहायला अख्खा रविवार गेला. शेवटचं वाक्य तर दोनदा खोडलं होतं.

वडिलांना हे रात्री जेवताना सांगितलं. आयुष्यभर साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवलेला माणूस, गिरणी सोडून दोन वर्षं झालेली, पण डोकं अजून साच्याजवळच. ते ताटावरून उठायचेच बाकी होते.

"नाय म्हणून कळवलंस? खुळो काय तू? अरे, जागा धरून ठेवूक होयी!"

"दिवाळीनंतर येतो म्हटलंय, बाबा."

"आणि तोवर जागेर कोण? तुझो बदली खंय?"

त्यांच्या काळात हीच रीत. माणूस चार महिने कोकणात शेतीला गेला तर स्वतःच्या ओळखीचा बदली साच्यावर उभा करून जायचा. माणूस परत आला की बदली मुकाट बाजूला व्हायचा. रिकामी टाकलेली जागा आपली राहते, हे त्यांना पटणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, "कॉलेजात असं नसतं." ते म्हणाले, "सगळीकडे असता." मी दमलेलो होतो. वाद घातला नाही, झोपलो.

दोन दिवसांनी हा म्हातारा धुतलेलं धोतर नेसून, काळी टोपी घालून थेट प्राचार्यांपुढे उभा! सोबत बाजूच्या चाळीतला एक तरुण. त्याचा बाप सूत कातायच्या रिंग खात्यातला, मोर्चात वडिलांबरोबर लाठ्या खाल्लेला. तेव्हापासून दोघा म्हाताऱ्यांची गट्टी. त्या घरानं नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. मुलगा अर्थशास्त्रात एम.ए., उत्तम मार्कांनी. दिवसा कुठल्याशा पेढीवर पत्रं टाइप करायचा, संध्याकाळी नाइट स्कूलमध्ये शिकवायचा. कॉलेजांत अर्ज करकरून थकला होता. मुलाखतीत आडनाव वाचलं की समोरच्यांचा चहा यायचा आणि मुलाखत संपायची, असं तो हसत सांगायचा. त्या हसण्याचा मला त्रास व्हायचा.

वडील प्राचार्यांना म्हणाले, "माझा झील दिवाळीक येतलो. तवसर ह्यो त्येचो बदली."

हे मला नंतर कळलं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी धावत माफी मागायला गेलो. प्राचार्य डोळे पुसत हसत होते. "अहो, तुमच्या वडिलांनी माझं काम वाचवलं. मी त्याला कामगार कायद्यावर तासभर प्रश्न विचारले. पहिल्या सत्रापुरता घेतोय, युनिव्हर्सिटीकडे नाव पाठवलंय. तासावर मानधन. दिवाळीनंतर तुम्ही या, ठरल्याप्रमाणे."

मला हायसं वाटलं. बदली सापडला होता, तोही भला.

पावसाळा गेला, गणपती गेले. असिस्टंट खरंच आला. दिवाळी झाल्यावर प्राचार्यांनी बोलावलं. मी नवा कोट शिवून घेतलेला. त्यांच्या खोलीत तो तरुण आधीच उभा होता. माझ्यासमोर त्यानं कुठपर्यंत शिकवून झालंय ते सांगितलं, कोणता भाग मुलांना जड जातो तेही. मग म्हणाला, "तुमची जागा, दादा. मी मोकळा होतो." आवाज सरळ होता. हात मात्र मागे बांधलेले, गेटवर बदल्या उभे राहतात तसे.

तो गेल्यावर प्राचार्य म्हणाले, "शब्द दिलाय, तेव्हा सत्र तुमचं. पण एक सांगतो. जूनमध्ये पूर्णवेळ जागा निघतेय. त्यानं हे वर्ष पुरं केलं असतं, तर मला त्याचं नाव पुढे रेटता आलं असतं. अर्ध्यावर सुटलेल्या माणसासाठी कमिटी ऐकत नाही. तुम्हाला काय, नोकरी आहे."

तुम्हाला काय! मला राग आला. रोज गेटवर मीच असतो, मीच "उद्या बघू" म्हणतो, माझ्या वाट्याला आठवड्यातले तीन तास आले तर तेही सोडायचे? मी खिडकीतून खाली बघत बसलो. मग ते मागे बांधलेले हात आठवले.

"त्यालाच चालू ठेवा," मी म्हणालो. "मी येत नाही."

"पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी तो कायम होऊ दे."

मला फार वाईट वाटलं. चांगलं काम केल्यासारखं वगैरे काही वाटलं नाही. जिना उतरताना वर्गातून त्याचा आवाज ऐकू येत होता. तास घ्यायचा राहिला होता म्हणून शेवटचा घेत असावा. त्याला अजून माहीत नव्हतं.

घरी वडिलांना सांगितलं. वाटलं, आता स्फोट होणार. त्यांनी चंची उघडून सुपारी कातरली. मग म्हणाले, "बरां केलंस. त्येका कायम होवक होया होता." आणि सुपारी तोंडात टाकत, अगदी हळू, "पण मगे तू कधी शिकवतलंस रे?"

प्राचार्यांना पहिल्यांदा नाही कळवताना माझ्याकडे निदान 'दिवाळीनंतर' हा शब्द होता. तो आता मी देऊन टाकला होता. मी नवा कोट काढून खुंटीला लावला आणि म्हटलं, "सकाळी लवकर उठायचंय, बाबा."