पंचफुलाची पिशवी

पंचफुलाचा विषय निघाला की मी तिच्या हातांबद्दल सांगत सुटते. डोंगरकड्याकडच्या शिवारात हळद उपटायला, शिजवलेली हळद उन्हात पसरायला तिच्याइतकी चपळ बाई नव्हती. तिच्या पोटाबद्दल मात्र बोलायची वेळ आली की मी चहा टाकायला उठते. आज उठत नाही.

मी त्या गावच्या उपकेंद्रातली नर्स. सगळे मला शिष्टर म्हणायचे. मी नाकावर माशी बसू देणारी नव्हते. लसीला न आलेल्या बाईला तिच्या दारात उभं राहून सुनवायचे. बायकांचं सगळं मला कळतं अशी माझी ठाम समजूत होती.

पंचफुला माझ्याकडे आली ते २००३ साल. वय एकोणतीस, दोन लेकरं, नवरा हरिचंद गवंड्याच्या हाताखाली. ओटीपोटात डाव्या अंगाला दुखतं, पोट फुगतं, लुगडं सैल करावं लागतं, असं म्हणाली. वर्षभर अंगावर काढलं होतं. मी ठरलेले प्रश्न विचारले. पाळी येते का? अंगावरून पांढरं जातं का? जातं थोडं, म्हणाली. झालं. मी चिठ्ठी लिहिली, जशी दोन वर्षांपूर्वी तिच्या मोठ्या जावेला, पारुबाईला लिहिली होती. हिंगोलीच्या एका खाजगी दवाखान्यात पारुबाईची गर्भपिशवी काढली गेली होती. तिथंच पंचफुलाला सांगितलं गेलं, "पिशवीला सूज आहे, काढून टाका, पुढं कॅन्सर होईल." ऑपरेशनचा दिवससुद्धा ठरला.

आमच्याकडे तेव्हा पिशवीचं दुखणं सांगायला कुणी लाजत नसे. पिशवी म्हटलं की सासू हळहळायची, नवरा दवाखान्यात न्यायचा. पण परसाकडला होत नाही असं एखादी बोलली असती, तर गावभर हसं झालं असतं.

ऑपरेशनआधी रक्त तपासायला मी तिला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं नवीनच आलेल्या पुनम मॅडम होत्या. त्यांनी हरिचंदला बाहेर बसवलं आणि कागद बाजूला सारून मलाच विचारलं, "सिस्टर, हिला शौचाला रोज होते का?"

मला उत्तर माहीत नव्हतं. मी पंचफुलाकडे बघितलं, ती जमिनीकडे बघत होती.

"सांग की," मी खेकसले.

"चार-चार दिस न्हाई होत," ती पुटपुटली. "आन झाली तरी लेंड्यावानी."

"आणि झाल्यावर दुखणं कमी होतं का?"

"व्हय. वारा सरला तरी हलकं वाटतंय." एवढं बोलून तिनं पदर तोंडाला लावला.

मग मॅडम एकेक विचारत गेल्या. पाळी चार दिवस, फार जात नाही. नवऱ्याजवळ जाताना दुखत नाही. ताप नाही. पांढरं जातं त्याला वास नाही, खाज नाही. तेवढं तर निरोगी बाईलाही जातं. शौचातून रक्त नाही, वजन घटलेलं नाही, दुखण्यानं झोपेतून जाग येत नाही. आतून तपासलं तेव्हा पिशवी हलवून बघितली, तिला दुखलं नाही. गाठ लागली नाही. वरून डावीकडं दाबलं तर आतडं भरलेलं हाताला लागलं. सोनोग्राफी केली; पिशवी, अंडाशय सगळं ठीक.

"आतडं आणि पिशवी शेजारी शेजारी असतात," मॅडम म्हणाल्या. "दुखतं एकाचं, नाव होतं दुसरीचं. पण पाळीत आतड्याचं दुखणंही थोडं वाढतं, म्हणून घाई नको. महिनाभर रोज टिपून ठेवा. पाळी कधी, दुखलं कधी, पोट साफ झालं कधी. ऑपरेशन कुठं पळून जात नाही."

परतताना मी म्हटलं, वही देते. ती म्हणाली, "वही नगं बाई. पोरगं वाचतंय आता." तिनं चुलीमागची भिंत धरली. पाळीला गेरूचा ठिपका, दुखलं की कोळशाचा, पोट साफ झालं की हळदीचा. घरातल्यांना वाटलं, पंचफुला नक्षी काढून राहिली.

महिन्यानं मी ती भिंत बघायला गेले. गेरूचे चार ठिपके सलग, त्यांच्याखाली काळे दोनच. बाकीचे काळे महिनाभर विखुरलेले, पण उगीच कुठंही नव्हते. पिवळा यायच्या आधी काळ्यांची गर्दी, पिवळा आला की दुसरा दिवस कोरा. पिवळे मोजून सात. मी चुलीपुढं बसकण मारली.

"दिवसा काहून जात नाहीस?" मी विचारलं.

"कुठं जाऊ? अंधार पडल्यावर रस्त्याच्या कडंला. त्यातबी मोटार आली की उठावं लागतंय. दिसा लागू नये म्हून शेतात पाणीच पीत न्हाई. दुपारची भाकरबी अर्धीच."

हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणता येणार नाही. संध्याकाळी लोटे घेऊन जाणाऱ्या बायका माझ्या दारावरूनच जायच्या. मी फक्त त्याचा आणि ओटीपोटाचा संबंध कधी लावला नाही. आणि उपकेंद्राचा संडास? त्यात मी निरोधाची खोकी रचून कुलूप लावलं होतं, कारण माझ्या क्वार्टरला वेगळा होता. मला इतकी लाज वाटली की मी तिचा चहा न पिताच उठले.

ठिपके मी कागदावर उतरवून नेले. मॅडमनी बघितलं आणि म्हणाल्या, हे आतड्याचंच आहे, याला आयबीएस म्हणतात. आतडं चिडकं होतं, आखडतं, पण कुजत नाही, कॅन्सर होत नाही. इसबगोल, भरपूर पाणी, शौचाची कळ आली की रोखायचं नाही, पोट दुखेल त्या दिवसांपुरत्या गोळ्या. एवढ्यानं नाही उतरलं तर पुन्हा या, पुन्हा शोधू. ऑपरेशन रद्द.

मी खोकी बाहेर काढली, संडास घासला आणि किल्ली पंचफुलाला दिली. सकाळी चहा पिऊन ती यायची, खाली मान घालून. मीही त्या वेळी मुद्दाम आत कपाट लावत बसायचे.

तीन महिन्यांनी पुन्हा भिंत बघायला गेले, खरं तर कौतुक करून घ्यायला. पिवळे ठिपके दाट झाले होते, काळा क्वचित. मी खूश होऊन खाली वाकले, तर त्याखाली आणखी एक ओळ होती. काळे पुष्कळ, पिवळे मोजके. गेरूचा एकही नाही.

"हे कुणाचं गं?"

पंचफुलानं दाराकडं बघितलं. दारात पारुबाई तांदूळ निवडत बसली होती. वर न बघता ती म्हणाली, "माझं हाय, बाई. मलाबी तसंच दुखतंय."

"कधीपासून?"

"पयल्यापासून. पिशवी काढली तरी थांबलं न्हाई."

"मग दोन वर्षं मला बोलला का नाहीत?"

तिच्या हातातलं सूप थांबलं. "तुमी माझ्यासाठी एवढी धावपळ केलती. गुण आला न्हाई म्हून कोण्या तोंडानं सांगू? मलाच लाज वाटली."

लाज तिला वाटली. दोन वर्षं.

दुसऱ्या दिवशी मी दुसरी किल्ली करवून आणली आणि पारुबाईच्या हातात दिली. तिला मॅडमकडं घेऊन जाते म्हटलं. माझ्या चिठ्ठीनं काय झालं ते सांगायला, माफी मागायला मी तोंड उघडलं होतं, पण त्याआधी तिनंच हात जोडले आणि माझे आभार मानले.