काचेपलीकडचं कोपर

नाहूरच्या कारखान्यांच्या पट्ट्यात दशरथ घाडीगावकरचा कान प्रसिद्ध होता. गाड्यांचे पत्र्याचे भाग ठोकून काढणाऱ्या कारखान्यात तो प्रेस शॉपचा सेटर. प्रेसवर डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, चढवायची, जुळवायची, पहिला तुकडा काढून बघायचा आणि मग मशीन ऑपरेटरच्या ताब्यात द्यायचं, हे त्याचं काम. एखादी प्रेस कुरकुरायला लागली की इंजिनिअरच्या आधी दशरथला हाक जायची. तो यायचा, प्रेसच्या अंगावर तळवा टेकवायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "डावीकडचा बोल्ट ढिला झालाय, आवळ." आवळला की मशीन गप्प.

"दशरथचा कान म्हणजे कान!" पोरं म्हणायची.

खरी गोष्ट अशी, की गेली कैक वर्षं हे सगळं त्याला तळव्यातून कळत होतं. कान कधीच मागे पडला होता. हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तोही स्वतःला तसं कबूल करत नव्हता. भांडुपच्या टेंभीपाड्यात त्यांच्या गाववाल्यांचं भजनी मंडळ होतं, तिथे तो पखवाज वाजवायचा. एका शनिवारी मधेच हात थांबवून तो ओरडला, "ही झांज फुटक्या मडक्यासारखी वाजता रे! बदला ती." मंडळाने नवी झांज आणली. तीही तशीच वाजली. मग दशरथने हल्लीच्या पितळेला शिव्या घातल्या.

कारखान्यात दरवर्षी सगळ्यांचं मेडिकल व्हायचं. वजन, बीपी, डोळे, रंग ओळखता येतात की नाही, नळीत फुंकून फुप्फुसं, छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी आणि कान. कानाच्या तपासणीला काचेची खिडकी असलेली आवाजबंद केबिन. आत खुर्चीवर बसायचं, हेडफोन लावायचा, बारीक "टूं" ऐकू आलं की हातातलं बटण दाबायचं. बाहेर टेक्निशियन निलेश मशीनची कळ दाबत बसलेला. आणि इथेच प्रेस शॉपची पिढीजात विद्या होती. निलेशने कळ दाबली की त्याचं उजवं कोपर किंचित हलायचं. कोपर हललं की बटण दाबायचं, मग ऐकू येवो न येवो. नव्या माणसाला डाय कशी चढवायची हे शिकवायच्या आधी जुने लोक हे शिकवायचे. या विद्येतला सर्वात मोठा गुरू कोण, ते सांगायला नको.

हसू नका. माणसं हौसेने लबाडी करत नाहीत. आधीच्या मॅनेजमेंटने मेडिकलचे सगळे आकडे नावानिशी नोटिस बोर्डावर चिकटवायची प्रथा पाडली होती. म्हणे, लोक तब्येतीबद्दल जागरूक होतील! जागरूक कोण झालं? टवाळ झाले. दशरथचा जिवलग अंबादास, फोर्कलिफ्ट चालवणारा. त्याच्या नावापुढे वाढलेल्या साखरेचा आकडा लागला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या लॉकरमध्ये कुणीतरी लाडू ठेवला. पंधरवड्यात फोर्कलिफ्टही गेली. "चक्कर आली तर?" असं म्हणून त्याला पॅकिंगला बसवला. चक्कर त्याला आयुष्यात आली नव्हती. तेव्हापासून अंबादास मेडिकलच्या दिवशी खिशात बाटली घेऊन यायचा, मेव्हण्याच्या लघवीची. एके वर्षी मेव्हण्याच्याच लघवीत जंतू निघाले आणि बिचाऱ्या अंबादासला नसलेल्या आजाराच्या गोळ्या गिळाव्या लागल्या.

जिथे माणसाचं रक्त-लघवी चावडीवर वाचतात, तिथे माणूस दुसऱ्याचीच बाटली आणणार. सेटरचं काम आणि कानाचं नाव, दोन्ही जायची भीती दशरथच्या पोटात कायमची बसली ती त्या लाडवापासून.

या वर्षी डॉक्टर बदलली. गंधाली मॅडम. आल्या दिवशीच तिने बोर्डावरचा कागद उतरवला. लोक म्हणाले, "बोर्ड गेला, पण जिभा आहेत ना जागेवर." दुसरा बदल तिने कानाच्या तपासणीत केला. सोमवारी सकाळी, पाळी लागायच्या आत, रविवारच्या सुट्टीने कान निवांत झालेले असताना. पूर्वी चालू कामातून उठवून नेत. ठोकाठोकीतून आलेला कान तात्पुरता बधिर असतो, त्याचा निकाल कसला घ्यायचा?

दशरथ केबिनमध्ये बसला. कोपर हललं, बटण. कोपर हललं, बटण. झकास. मग मॅडम निलेशच्या मागे येऊन उभी राहिली, त्याच्या कानात काहीतरी बोलली. कोपर हललं. दशरथने बटण दाबलं. परत हललं. परत दाबलं.

मॅडमने केबिनचं दार उघडलं आणि निलेशला जरा बाहेर जायला सांगितलं.

"काका, शेवटच्या दोन वेळा आम्ही आवाज सोडलाच नव्हता."

दशरथच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चोरी सापडली की तो आधी चिडायचा. "मग काय करायचं ते करा! मी इथे बावीस वर्षं प्रेस सेट करतोय. तुमच्या टूंटूंवर माझी नोकरी घालवणार?"

"नोकरी कुणी काढली?"

"अंबादासला विचारा कुणी काढली!" आणि मग बोर्ड, लाडू, फोर्कलिफ्ट, सगळं बाहेर पडलं. मेव्हणा तेवढा त्याने झाकून ठेवला.

मॅडमने ऐकून घेतलं. "तुमचा निकाल मी तुम्हाला सांगणार, याच खोलीत, दार लावून. ऑफिसला फक्त एवढंच जाणार, की तुम्ही या कामाला योग्य आहात, अटींसह योग्य आहात, की नाही. का, ते जाणार नाही."

"हे सगळे बोलतात."

"बोलतात," ती म्हणाली. "विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मला खरा कान तपासायचाय. तुम्हाला नको असेल तर आज उठून जा."

दशरथ उठला नाही, पण हो पण म्हणाला नाही. केबिनचं दार लावून मॅडम बाहेरच्या टेबलाशी जाऊन बसली, निलेश परत आला. तेवढ्यात काचेपलीकडे एचआरचा सुशांत आला.

आत आवाजाचा एक थेंब येत नव्हता. पण काचेपलीकडचं वाचायचं म्हणजे दशरथचा हातखंडा. सुशांतने प्रेस शॉपकडे बोट केलं, मग स्वतःच्या कानाला हात लावला. कोण कोण बहिरे, असं विचारतोय. मॅडमने नकारार्थी मान हलवली. सुशांत हसला, पुढे झाला आणि फायलींच्या कपाटाच्या मुठीला त्याने हात घातला. मॅडम उठली. तिने कपाटाला किल्ली फिरवली, काढली आणि एप्रनच्या खिशात टाकली. सुशांतचं तोंड आता भराभर चालत होतं. मान ताठ, बोट हवेत. मॅडमने टेबलावरचा एक कागद त्याच्या हातात दिला, नुसता योग्य-अयोग्यचाच असणार. सुशांतने तो उलटून पाहिला, मागची बाजू कोरी, परत सुलटा केला, आणि दार आपटून गेला. दार आपटलं हे भिंतीवरचं कॅलेंडर हललं म्हणून कळलं.

मॅडमचं कोपर मात्र थरथरत होतं. ते दशरथने नीट पाहिलं. भीती तिलाही वाटत होती, आणि तरी किल्ली खिशातच होती.

तो उठला. त्याने खुर्ची उचलली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. काचेकडे पाठ केली, हेडफोन लावला आणि डोळे मिटले.

मग त्याला कळलं, शांतता किती मोठी आहे ते. जाड आवाज येत होते. थोडे बारीक झाले, येत होते. आणि मग काही नाही. नुसतं काही नाही. बाहेर निलेशचं कोपर हलत असणार, हलत असणार, आणि दशरथचा अंगठा बटणावर तसाच.

दार लावून मॅडमने त्याला आलेख दाखवला. सरळ चाललेली रेघ उंच आवाजांपाशी खड्ड्यात पडलेली. "मोठ्या आवाजाने कान असाच जातो. आधी बारीक आवाज. बायकामुलांचं बोलणं, टाळ्या, झांजा."

"झांजा?" दशरथ म्हणाला. "आमचं भजनी मंडळ आहे."

"हं. गेलेलं परत येत नाही. पुढचं थांबवता येतं. ही तपासणी परत करू, कानाच्या डॉक्टरकडूनही पक्कं करून घेऊ. आदल्या दिवशी भजनबिजन नको."

"कामाला लागलो तेव्हा किती होता, ते कळेल?"

तिने जुनी फाईल चाळली. भरती होताना डॉक्टरने डोळे बघितले होते, छाती ठोकली होती, खोकायला लावलं होतं. कानाचा रकाना कोरा. "तेव्हा कान तपासलाच नाही. सुरुवातच माहीत नाही, तर इथे किती गेला ते पक्कं कसं सांगणार? म्हणून तर भरतीचं मेडिकल. माणूस धडधाकट आहे की नाही एवढंच बघायचं नसतं, येताना काय घेऊन आला तेही लिहून ठेवायचं असतं. आता नव्यांचं पहिल्याच दिवशी करतेय."

"आणि माझं काम?"

"सेटरचं काम करा. अटींसह योग्य. कानात प्लग, वर हेडफोनसारखा कानटोपा, आणि सहा महिन्यांनी परत तपासणी."

"अट बघून सुशांतला कळणारच ना?"

"अट कळेल. आकडा नाही." ती थांबली. "एक गोष्ट लपवत नाही. आवाजाने गेलेला कान हा कामाचा आजार धरतात. पक्कं झालं तर कारखाना निरीक्षकाच्या कार्यालयाला मला कळवावंच लागतं. कायदाच आहे. त्यातून तुमची भरपाईची वाटही उघडते. आणि मॅनेजमेंटला मी नावांशिवाय सांगणार, प्रेस शॉपमध्ये किती जणांचे कान उतरलेत. त्याशिवाय ते प्रेसभोवती आवाज अडवणाऱ्या भिंती घालणार नाहीत. पण त्याला सगळ्यांचे खरे कान लागतील, काका. कोपरं नाही."

तिने निकालाची एक प्रत त्याला दिली. ती त्याचीच होती.

बाहेर चहाच्या टपरीवर अंबादास वाट बघत होता. त्याची पाळी पुढची. "काय रे, काय निघाला?"

दशरथने ग्लास हातात घेतला. बोर्डावर लागलं असतं तर अख्ख्या नाहूरने वाचलं असतं. आता कुणाला सांगायचं, हे त्याच्या हातात होतं. ही श्रीमंती त्याला नवीन होती.

"कान गेलो," तो म्हणाला. "बारीक आवाज येणत नाय."

अंबादास हसला नाही. "सेटिंग?"

"रवली. सुशांत कपाट उघडूक आललो. बाईन किल्ली खिशात घातल्यान. मी डोळ्यांनी बघलंय."

अंबादासने ग्लास खाली ठेवला. मग त्याने पॅंटच्या खिशातून छोटी बाटली काढली, इकडे तिकडे बघितलं आणि गटारात ओतली.

"मेव्हण्याची?"

"खंयचो मेव्हणो! तो गावाक गेलोहा. शेजाऱ्याची."

दशरथला एवढं हसू आलं की चहा सांडला. अंबादासने रिकामी बाटली कचऱ्यात टाकली, केस सारखे केले आणि आत गेला.

शनिवारी मंडळात दशरथ पखवाज घेऊन बसला. झांजवाला पोरगा नवी झांज पुसत होता.

"जुनीच काढ रे," दशरथ म्हणाला. "पितळेचो काय्येक दोष नाय."