मेण जाड नव्हतं

जालन्यात बस स्टँडच्या मागे माझी दातांची लॅब होती. डॉक्टर रुग्णाच्या दातांचं माप पाठवत, मी त्यावरून प्लास्टरचं मॉडेल ओतायचो आणि कॅप करून द्यायचो. एका कॅपच्या बाबतीत मी खोटं बोललो. ते आता लिहून ठेवतो.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. भोकरदनला एका तरुण डॉक्टरीणबाईंनी दवाखाना टाकला होता. त्यांची पार्सलं एसटीच्या कंडक्टरबरोबर यायची. त्या पहिल्यांदाच कॅपचं काम करत होत्या. रुग्ण म्हणजे तिथल्याच शाळेतले एक गुरुजी. खाली उजवीकडच्या शेवटच्या दोन दाढा घासून कॅपसाठी तयार केल्या होत्या.

नुसती वरची-खालची मॉडेलं हातात धरून कॅप करता येत नाही. हातात ती दर वेळी जराशी वेगळी बसतात. म्हणून ती आर्टिक्युलेटरवर, म्हणजे जबड्यासारखी उघडमीट करणाऱ्या लोखंडी सांगाड्यावर, प्लास्टरने पक्की करायची. ती कशी मिटवायची हे डॉक्टरांच्या बाइटवरून कळतं. घासलेल्या दाढांवर मऊ मेण ठेवून रुग्णाला नेहमीसारखं चावायला लावतात, मेण घट्ट झालं की काढून पाठवतात. बाईंनी आणखी एक काळजी घेतली होती. तोंडात दातांमध्ये अगदी पातळ पट्टी धरून ओढून पाहिली होती आणि चिठ्ठीत लिहिलं होतं, “घासलेल्या दाढांच्या पुढची छोटी दाढ पट्टी घट्ट धरते. मॉडेलवरही तिथं धरली पाहिजे.”

मी ती चिठ्ठी वाचली आणि पट्टी लावून पाहिली नाही. मेण दाढांवर ठेवून मॉडेलं मिटवली तर मेण नीट टेकत नव्हतं. दाबलं आणि प्लास्टर ओतलं. दोन कॅपा झाल्या, पार्सल गेलं.

आठवड्याने बाईंचा फोन आला. कॅपा उंच होत्या. गुरुजींचे बाकीचे दात एकमेकांना लागतच नव्हते. बाईंनी तीनदा घासल्या, वरचं पांढरं गेलं, आतला धातू दिसायला लागला. गुरुजी बाजारात सांगत फिरत होते, “बाईनं तोंडात खलबत्ता बसवला. ज्याला कुटायचंय त्यानं जावं.” नव्या दवाखान्याला एवढं पुरेसं होतं. बाई म्हणाल्या, “काका, मी उद्या येते. मला मॉडेल बघायचंय.”

फोन ठेवून मी भिंग घेतलं. खालच्या छोट्या दाढेच्या खाचेत प्लास्टरचा मोहरीपेक्षा लहान दाणा होता. मापात हवेचा बुडबुडा राहिला की मॉडेलवर असा दाणा उठतो. त्याच्यावर वरची दाढ अडली, मॉडेलं तेवढी उघडी राहिली, आणि मी तेवढ्याच उंच कॅपा केल्या. मापातला बुडबुडा कुणाचाही असू शकतो. पण मॉडेल मिटवण्याआधी दाणे बघून काढणं हे माझं काम होतं. मी चाकूच्या टोकाने तो दाणा उडवला आणि फुंकर मारली.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. पर्समधून पट्टी काढली, छोट्या दाढेवर ठेवली, आर्टिक्युलेटर मिटवला आणि ओढली. दाणा गेल्यामुळे तिथं फट उरली होती, पट्टी सहज सुटली.

“इथं तर धरायला पाहिजे होती, काका.”

“मॅडम, तुमचं मेण जाड राह्यलं. मी बराबर त्याच्यावरच बसवलं. मेणच जाड असल्यावर मी काय करणार?”

त्यांनी मॉडेल उजेडात धरून फिरवलं. बघायला काही उरलं नव्हतं.

“तोंडात तर दात नीट मिटले होते हो.”

“पेशंट गडबडीत चावतो. नवीन हात आहे, होतं असं.”

“मग माझंच चुकलं,” त्या म्हणाल्या. “तुमचं काम वाया गेलं. सॉरी.” चहा न घेता भोकरदनच्या बसला गेल्या.

पुढे त्यांनी गुरुजींच्या कॅपा काढून औरंगाबादला दुसऱ्याकडून करवून घेतल्या. त्यानंतर त्या कॅपचे रुग्णही औरंगाबादलाच पाठवत. माझ्याकडे फक्त कवळ्या येत. कंडक्टरने एकदा विचारलं, “बाईचे पार्सल कमी झाले का हो?” मी म्हणालो, “त्यांना जमत न्हाई ते काम.”

त्या हुशार होत्या. पट्टी लावून बघणारे डॉक्टर तेव्हा माझ्याकडे दुसरे कुणी नव्हते.

लॅब बंद करून बरीच वर्षं झाल्यावर, मागच्या उन्हाळ्यात, मी नंबर मिळवून त्यांना फोन केला आणि सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, “दाणा कुठल्या दाढेवर होता?”

“खालच्या उजव्या छोट्या. मागच्या.”

“म्हणजे माझ्या चिठ्ठीतली.”

“हो.”

“मी त्यानंतर कॅपसाठी कधी कुणाचा बाइट घेतला नाही, काका,” त्या म्हणाल्या. बाहेर कुणी रुग्ण थांबला होता, म्हणून त्यांनी फोन ठेवला.