अर्ध्या ठशाचा फोटो

लग्न होऊन म्हैसूरला आले आणि पोलिसांच्या ठसे विभागात लागले, तेव्हा काम शिकवलं ते सरांनी. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, मराठीत कन्नड सहज मिसळायचं. “तीन बाजूंच्या रेषा भिडतात तो डेल्टा. लूपला एक, चक्राला दोन, साध्या कमानीला एकही नाही. अष्टे!” म्हणजे संपलं. सासरच्या माणसांपेक्षा माझा त्यांच्यावर जास्त विश्वास होता, खोटं कशाला बोलू?

मंडी मोहल्ल्यातल्या सोन्याच्या दुकानात चोरी झाली. तिजोरीवरच्या ठशाचा फोटो सरांनी स्वतः माझ्या टेबलावर ठेवला. संशय झाडलोट करणाऱ्या माणसावर होता. फोटोत एक लूप, एक डेल्टा, बाकी रेषा पुसट. त्या माणसाच्या आठ बोटांवर लूप, दोन्ही तर्जन्यांवर कमान. मी लिहिलं, नमुना लूपचा आहे, पण लूप तर बहुतेकांच्या बोटांवर असतात. तेवढ्यावरून माणूस ओळखता येत नाही.

काही दिवसांनी सरगूरहून त्याची बायको आली. नवरा कोठडीत होता. “ठसा जुळला असं तुम्हीच सांगितलंत म्हणे. आता आम्ही कोणाच्या तोंडाकडे बघायचं?” तिने कन्नडमधून विचारलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कधी सांगितलं? सरळ फोटोग्राफरकडे जाऊन मूळ फोटो उघडायला लावला. तो रुंद होता! पहिल्या लूपला बिलगून दुसरा, उलट्या दिशेने वळलेला, आणि पलीकडे दुसरा डेल्टा. असा जोडलूप आम्ही चक्रातच धरतो. त्या माणसाच्या दहाही बोटांवर चक्र नव्हतं. चोरी त्याने केली की नाही, ते ठसा सांगत नाही. पण हा ठसा त्याचा नव्हता, हे फोटो स्वच्छ सांगत होता.

मी नवा अहवाल लिहून अधिकाऱ्यांकडे दिला आणि मग सरांसमोर उभी राहिले. “फोटो कोणी कापला?”

“मी. दुकानदार ओळखीचा, रोज फोन करायचा. कोणीतरी पकडलेला दिसायला हवा होता, अल्वा, हो ना? जुळला असंही मीच सांगितलं, तुझ्या नावावर.”

“मग अहवाल तुम्हीच लिहायचात ना सर! मला कशाला दिलात?”

ते चष्मा पुसत राहिले. मला वाटलं होतं, निदान माफी मागतील.

“दुसऱ्या कोणी मूळ फोटो मागितला असता,” ते म्हणाले. “मी दिलेलं तू कधी तपासत नाहीस.”