खाली कोण आहे ते बघून सोडा

आमची धाकटी जाऊ नवी नवरी असताना मी तिला वरच्या फळीवरचा डबा काढायला सांगितला होता. स्टूल पुढ्यातच होतं. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एक पाय ओट्यावर, दुसरा खिडकीच्या चौकटीत, आणि बाई डबा घेऊन खाली. संध्याकाळची प्रार्थना झाली की मी वही लिहायला बसते. त्या दिवशी लिहिलं, 'मुलगी गुणाची आहे, पण एक दिवस पडेल.' इतकी वर्षं झाली. ती पडली नाही, आणि मीही ते वाक्य खोडलं नाही. म्हटलं, असू दे, कधीतरी उपयोगी पडेल.

माझ्या वहीत तसं विशेष काही नसतं. काय शिजवलं, कोण काय बोललं आणि देवाकडे काय मागितलं. मागणं बहुतेक दुसऱ्यांनी कसं वागावं याबद्दलचंच असतं. स्वतःसाठी काही मागायला वेळच उरत नाही.

धाकटीचा मुलगा शिकायला बाहेरगावी गेला आणि तिची दुपार रिकामी झाली. एरवी बायका अशा वेळी शिवणाचा क्लास लावतात. ही टायरच्या गोदामावर निघालेल्या चढाईच्या जिममध्ये गेली. तिथे भिंतीला रंगीबेरंगी प्लास्टिकचे गोळे ठोकलेले असतात, त्यांना धरून वर चढायचं. दोर नाही, पट्टा नाही, खाली फक्त जाड गादी. भाऊजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, पहिल्याच आठवड्यात तिचं नाव 'पाल' ठेवलं. ती म्हणाली, "पाल निदान भिंतीवर असते, तुम्ही दिवसभर सोफ्यावर." त्यानंतर ते नाव प्रेमाचं झालं.

हळूहळू तिला तिथे काम मिळालं. भाड्याचे बूट द्यायचे, गाद्या झाडायच्या, चढणारे हात घसरू नयेत म्हणून लावतात ती पांढरी पूड गोळ्यांवर साचते, ती ब्रशने घासायची. पण तिला हवं होतं ते नवख्यांना शिकवण्याचं काम. पहिल्यांदा येणाऱ्या माणसांना चढू देण्याआधी सगळं समजावून सांगावं लागतं, आणि ते एकटीने करायला मुख्य कोचची परवानगी लागते. परीक्षा शनिवारी सकाळी होती. कोच बाजूला उभी राहून बघणार. पास झाली तर शनिवार-रविवारचे वर्ग हिचे. नाही तर पुन्हा बूट आणि ब्रश.

मी तिचा डबा द्यायला गेले होते, एवढंच. बाकावर बसून मनात नामस्मरण चाललं होतं. तेवढ्यात फोन आला, एक माणूस येत नाही. कोच म्हणाली, "निदान चार जण हवेत, तीनच आहेत."

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. तिची ती नजर मी ओळखते. डबा काढायच्या वेळचीच ती.

"ताई, तुम्ही इथे पहिल्यांदाच आलात ना?"

"अगं, माझं वय काय, गुडघे काय."

"नवीन आहात की नाही एवढंच विचारतेय."

झालं. मी भाड्याचे बूट घालून उभी. ते इतके घट्ट की पूर्वजन्मीची पापं आठवली. माझ्यासोबत एक तरुण जोडपं होतं आणि बँकेत काम करणारे एक गृहस्थ, जे दर दोन मिनिटांनी घाम पुसत होते.

"आधी अंगठ्या, बांगड्या, घड्याळं काढा, खिसे रिकामे करा," धाकटी म्हणाली. "अंगठी गोळ्यात अडकली आणि तुम्ही खाली आलात, तर बोट वर राहतं."

माझ्या बोटात जप मोजायचं यंत्र असतं, बटण दाबलं की आकडा पुढे सरकतो. मी म्हटलं, "हे राहू दे, हे देवाचं आहे."

"बोट तुमचं आहे, ताई."

यंत्र काढलं. आकडा तिथेच थांबला आणि मला उगाच उघडं-उघडं वाटायला लागलं.

मग तिने भिंत समजावली. ही तीच का, जी आमच्या बैठकीत चार शब्द बोलत नाही, असं मला वाटलं. "एका रंगाचे गोळे म्हणजे एक वाट. पिवळी धरली तर हातपाय पिवळ्यावरच ठेवायचे, मधला निळा सोयीचा दिसला तरी धरायचा नाही. जिथे पट्टी चिकटवलीय तिथे दोन्ही हात, पाय जमिनीवरून उचलले की सुरुवात. सगळ्यात वरच्या गोळ्यावर दोन्ही हात स्थिर टेकले की वाट पूर्ण. आमच्याकडे पिवळी सगळ्यात सोपी, मग हिरवी, निळी, लाल, शेवटी काळी. पट्टीवर आकडाही आहे, शून्यापासून. आकडा वाढला की अवघड."

"माझा आकडा कोणता?" मी विचारलं. मला वाटलं, वयाचा मान ठेवून मधला तरी देतील.

"आकडा तुमचा नसतो, वाटेचा असतो. तोही ज्याने वाट बसवली त्याचा अंदाज. उंच माणसाला जी सोपी, ती बुटक्याला घाम फोडते. आणि दुसऱ्या जिममध्ये गेलात तर तिथले रंग वेगळे."

म्हणजे इथे कोणाची पायरी कोणती हे ठरवताच येत नाही. आमच्या नातेवाइकांना ही पद्धत मुळीच पटणार नाही.

"आता पडायचं," ती म्हणाली.

बँकवाले हसले. ती हसली नाही. "चढायला तुम्ही आपोआप शिकाल. पडायला शिकावं लागतं. शक्यतो चढलात तसेच उतरा, वरून उडी नको. सुटलातच तर दोन्ही पाय एकदम टेकवा, पायांत खांद्याएवढं अंतर, गुडघे वाकलेले. बसा आणि पाठीवर लोळा. हनुवटी छातीला. हात छातीवर, स्वतःला मिठी मारल्यासारखे. हात मागे टेकवायचा नाही. मनगट जातं, कोपर जातं."

मी पोरांना जन्मभर सांगत आले, पडताना हात टेकवा. आता काय बोलणार. आम्ही चौघांनी उभ्याउभ्या पडून पाहिलं. माझा हात दर वेळी मागे जायचा. चौथ्यांदा मी स्वतःला अशी करकचून मिठी मारली की इतकी माया माझ्यावर आजवर कोणीच केली नसेल.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं," ती म्हणाली. "कोणी चढत असेल तर त्याच्या खाली गादीवर जायचं नाही, बसायचं नाही, बाटली ठेवायची नाही. पडणाऱ्याला झेलायचं तर मुळीच नाही. झेलायला गेलात तर दोघंही मोडता. वरच्यानेही खाली बघूनच हात सोडायचा. आपली पाळी आली की चढायचं, दुसऱ्याच्या वाटेला आडवी जाणारी वाट तेव्हा धरायची नाही. आणि कोणी चढताना, त्याने विचारल्याशिवाय, असं कर तसं कर सांगायचं नाही. त्याचं कोडं त्याला सोडवू द्यायचं."

हे शेवटचं बोलताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मग ती हिरव्या वाटेने वर गेली, मधूनच पडून दाखवायला. तोल सांभाळत, सावकाश, आवाज न करता. मला ओट्यावरची ती नवी नवरी दिसायला लागली. मनात पाल चुकचुकली. माझ्या माथ्याच्या बरीच वर ती थांबली आणि म्हणाली, "आता मी हात सोडणार."

पुढे काय झालं ते मला नीटसं सांगता येत नाही. मी सगळं ऐकलं होतं. समजलंही होतं. पण पाय माझे नव्हते. मी गादीवर धावले आणि तिच्या बरोबर खाली दोन्ही हात पसरून उभी राहिले, पदरात फळ झेलावं तशी. देवाचं नाव तोंडात होतंच.

ती पडली नाही. तिने खाली पाहिलं.

"ताई," ती वरून म्हणाली, घरात विचारावं तितक्या साध्या आवाजात, "माझ्या खाली कोण आहे?"

"मी आहे. तू घाबरू नकोस."

"तुम्ही आहात म्हणूनच सोडत नाहीये. गादीवरून बाहेर जा. माझे हात भरत आलेत."

तिचे दंड थरथरताना दिसले तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी मागे सरले आणि बाकाला धडकले. ती एकेक गोळा धरत उतरली. जोडपं आढ्याकडे बघत होतं. कोच काहीतरी लिहीत होती, आणि मला एवढंच कळत होतं की माझ्या मायेने हिची परीक्षा बुडवली.

"तुमच्या वर्गातला माणूस पडायच्या जागेत गेला," कोच धाकटीला म्हणाली. "सगळं सांगून झाल्यावर गेला. तुमचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलंय का, हे मला दिसायला हवं. पुन्हा असं झालं तर आज मी सही करणार नाही."

धाकटीने मान हलवली. मला वाटलं, आता मला बाहेर बसवेल. मी स्वतःच म्हटलं, "मी बाकावर बसते गं."

"नको. तुम्ही इथेच उभ्या राहा, गादीच्या कडेला." मग ती सगळ्यांना म्हणाली, "ताईंनी केलं ते प्रत्येकाच्या हातून होऊ शकतं. आपलं माणूस पडताना दिसलं की हात पुढे जातात. म्हणून हातांना काहीतरी काम द्या. एक हात दुसऱ्या हाताने धरा."

ती पुन्हा चढली, खाली पाहिलं, सुटली, पाठीवर लोळली आणि उठून उभी राहिली. मी एका हाताने दुसरा धरून ठेवला होता. नखांचे वळ उठले.

मग बँकवाल्यांची पाळी. पिवळ्या वाटेवर ते अर्ध्याहून वर गेले आणि अडकले. उजवा पाय शिवणयंत्रासारखा थरथरू लागला. डाव्या पायाच्या बाजूलाच एक चांगला मोठा पिवळा गोळा होता. मला दिसत होता, आंधळ्यालाही दिसला असता, फक्त त्यांना दिसत नव्हता. माझ्या तोंडात 'डावा पाय' असा तयार होऊन बसला. धाकटी काही बोलेना. मी ओठ इतके घट्ट मिटले की देवाचं नावही आतच अडकलं.

त्यांनी डावीकडे पाहिलंच नाही. खाली पाहिलं. गादी रिकामी होती. मी कडेला होते, माझे हात माझ्याच ताब्यात. ते सुटले, दोन्ही पाय टेकले, बसले, मागे लोळले, हात छातीवर. उठले तेव्हा लहान मुलासारखे हसत होते.

"पुन्हा जाऊ?" त्यांनी विचारलं. "तिथे डावीकडे काही आहे का हो?"

"आहे," आम्ही बाकीचे सगळे एकदम म्हणालो.

कोचने सही केली. धाकटीला म्हणाली, "वर लटकलेल्या असताना आवाज चढला नाही, हे आवडलं."

मी मध्येच म्हटलं, "घरीही ती अशीच आहे."

कोच म्हणाली, "मी विचारलं नव्हतं, काकू." आणि हसली.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा डबा घेऊन गेले. या वेळी बाकावरच बसले, बोटात यंत्र, जप चालू. धाकटी पाच नव्या लोकांना सांगत होती, "एकदा माझ्या वर्गात एक बाई मला झेलायला आल्या." सगळे हसले. मीही हसले, सगळ्यांपेक्षा जोरात, कोणाला संशय नको म्हणून. त्या बाई नंतर पिवळ्या वाटेवर तिसऱ्या गोळ्यापर्यंत चढल्या होत्या आणि अगदी नीट पडल्या होत्या, हेही तिने सांगायला हवं होतं. जीभ शिवशिवत होती. पण कोणी विचारलं नाही.

घरी येऊन वही काढली आणि ते जुनं वाक्य शोधलं. 'पण एक दिवस पडेल.' खोडलं नाही. पुढे फक्त लिहिलं, 'नीट पडते.'