खाजवू नको

दुसऱ्या बाळंतपणासाठी मी आष्टीला माहेरी आले, तेव्हा आठवा महिना सरत आला होता आणि माझे तळहात-तळपाय खाजत होते. मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. थोरल्याच्या वेळीही शेवटी शेवटी खाज सुटली होती. पोटावरच्या ताणाच्या रेघांवर लाल पुरळ उठलं, डॉक्टरांनी बघून मलम दिलं आणि बाळंतपणानंतर सगळं आपोआप गेलं. त्यामुळे यंदा अनुभवी बाईच्या थाटात मी तेच मलम तळहातांना चोळत बसायची. थाट मिरवायची खोड मला लहानपणापासूनची.

घाबरली होती ती आई. मी बोट हलवलं की हातातलं काम टाकून यायची आणि मनगट धरायची.

"खाजवू नको म्हणलं ना तुला!"

अंधार पडला की खाज आणखी वाढायची, म्हणून तिनं माझ्या दोन्ही हातांना जुन्या लुगड्याची फडकी गुंडाळली. माझं डोकं फिरलं. "मी काय चोर हाय का, हात बांधायला?" असं ओरडले तिच्यावर. ती अंगणात जाऊन उगाच झाडत बसली.

दोन दिवसांनी आशाताई नेहमीच्या फेरीला आली. तिलाही मी थाटात सांगितलं, मागच्या वेळचंच आहे म्हणून.

"पुरळ दाखवा बरं," ती म्हणाली.

मी पोट दाखवलं. पुरळ कुठेच नव्हतं, नुसते नखांचे ओरखडे. तिनं माझे तळहात उलटसुलट करून पाहिले.

"ताई, मागच्या टायमाला पुरळ आल्तं. आता पुरळ न्हाई अन् तळवे खाजून राह्यले. हे येगळं है. लघवी गडद होतीय का?"

होत होती. पाणी कमी पडत असेल असं मी धरून चालले होते.

"रक्त तपासावं लागंल. आजच जालन्याला चला."

तिचा आवाज एकदम हळू झाला होता. तिथून मला जी भीती वाटायला लागली, ती पुढे कित्येक दिवस गेली नाही.

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी बाळाचे ठोके पाहिले, रक्त घेतलं आणि मला भरती करून घेतलं. म्हणाल्या, "पुरळाची खाज आईला छळते, पण बाळाला काही करत नाही. ही खाज लिव्हरची असू शकते. लिव्हरमधून पित्त नीट पुढे सरकत नाही आणि त्यातली आम्लं रक्तात साचतात. ती फारच वाढली तर बाळाच्या जिवाला धोका असतो."

लिव्हरचा रिपोर्ट संध्याकाळी आला, तो बिघडलेला होता. पित्ताच्या आम्लांचा नमुना बाहेरगावी गेला, त्याला दोन दिवस लागणार होते. ते दोन दिवस मी पोटावर हात ठेवून पडून राहिले. एका दुपारी बाळ हललंच नाही असं वाटलं. मी इतकी ओरडले की नर्सबाई मशीन घेऊन धावत आली. ठोके ऐकू आले, तेव्हा मला रडूच फुटलं.

दुसऱ्या रिपोर्टात आम्लंही वाढलेली निघाली. मॅडमनी गोळ्या दिल्या, रक्त दर आठवड्याला तपासू म्हणाल्या. दिवस भरेपर्यंत थांबायचं नाही, आम्लांचा आकडा चढला तर त्याआधीच कळा आणायच्या. मी नुसती मान हलवत होते. तेवढ्यात दाराशी उभी असलेली आई बोलली.

"मॅडम, खाजवल्यानं मरत न्हाई ना लेकरू?"

"नाही हो मावशी. खाजवण्याचा आणि बाळाचा काहीच संबंध नाही."

आई माझ्या खाटेच्या कडेला बसली. "मला बी असंच खाजायचं. हिच्या आधीच्या टायमाला. नवव्या महिन्यात पोरगं मेलेलं निघालं. सासू म्हणली, खाजवू खाजवू तूच हादरवून मारलं."

मला एक भाऊ होता, हे मला त्या दिवशी कळलं. मॅडमनी ते माझ्या कागदावर लिहून घेतलं. आईला झालेलं असलं तर लेकीलाही होऊ शकतं, म्हणाल्या.

त्या संध्याकाळी आईनं माझे पाय मांडीवर घेतले आणि माझ्या तळव्यांवरून स्वतःची नखं हळूहळू फिरवत बसली. फडक्यांसाठी मी तिच्यावर ओरडले होते, त्याची मला फार लाज वाटली.

पुढच्या तपासण्यांत आकडा चढला. सदतिसाव्या आठवड्यात कळा आणल्या आणि मुलगी झाली. ती जोरात रडली, तेव्हा कुठे मी तिच्याकडे पाहिलं. आईनं तिला दुपट्यात घेतलं, तिच्या कानाशी वाकली आणि अगदी हळू म्हणाली,

"तुझ्या मामाला मी न्हाई मारलं बाई."